दुकानाच्या उद्घाटनाला मालकाने काय बोलावे: एकतीस नावे, शेजारी आणि तीन मिनिटे

गेली बरीच वर्षे मी फोंडा आणि डिचोली भागांतील लहान-मोठ्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन करतो, आणि त्यांत दुकानांच्या उद्घाटनांची संख्या मोठी असते. पूजा, नारळ, फीत आणि समई हे सर्व भटजी आणि यजमान मिळून व्यवस्थित पार पाडतात. अडते ते मालकाच्या भाषणाशी, कारण ज्याने आयुष्यात कधी ध्वनिक्षेपक हातात धरलेला नसतो त्याला त्या दिवशी साठ-सत्तर ओळखीच्या माणसांसमोर बोलायचे असते. या लेखात मी एकच प्रसंग शेवटपर्यंत नेणार आहे. फोंडा शहराला लागून असलेल्या एका वाड्यावर एका तरुणाने विजेच्या आणि नळाच्या सामानाचे दुकान उघडले, त्याचे भाषण आम्ही दोघांनी मिळून तयार केले. तो माझ्याकडे आला तो हातात वही घेऊनच, आणि त्याचा पहिला प्रश्न होता, "काका, एकतीस नावे झाली आहेत. यांतले कोणाला सोडू?"

भाषण तीन मिनिटांच्या आत बसवण्याची खरी अडचण याच प्रश्नात आहे. दुकानाविषयी दोन वाक्ये कोणीही बोलतो. वेळ जातो तो नावांत, आणि मन दुखावले जाते तेही नावांमुळेच.

वेळेचा हिशेब आधी मांडावा

उघड्या मांडवात, बाजूला रस्त्याची वर्दळ असताना, ध्वनिक्षेपकावरून सर्वांना समजेल असे सावकाश बोलले तर मिनिटाला साधारण १०० मराठी शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांत ३०० शब्द बसतील असे कागदावर वाटते, परंतु प्रत्यक्षात तसे होत नाही. ध्वनिक्षेपक हातात घेऊन तो सुरू आहे की नाही हे पाहण्यात काही सेकंद जातात, मध्ये टाळ्या पडतात, आणि आईचे किंवा वडिलांचे नाव आले की बहुतेकांचा आवाज अडतो. म्हणून मजकूर २५० शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नये आणि घरी मोठ्याने वाचताना तो २ मिनिटे २५ सेकंदांत संपला पाहिजे. समारंभात तोच मजकूर पावणेतीन मिनिटे घेतो.

आता एकतीस नावांचा हिशेब पाहा. "आमचे स्नेही श्रीयुत अमुक यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो" हे एक वाक्य न घाई करता म्हणायला चार सेकंद लागतात. एकतीस वेळा ते म्हटले की दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला, आणि तोवर मालक काय विकणार आहे हेदेखील कोणाला कळलेले नसते. त्याहून वाईट म्हणजे दहाव्या नावानंतर लोक नावे ऐकत नाहीत, ते फक्त आपले नाव कधी येते याची वाट पाहतात. एका उद्घाटनात मालकाने अशीच लांबलचक यादी वाचली आणि पुढच्याच रांगेत बसलेल्या घरमालकांचे नाव तेवढे राहून गेले. ते काही बोलले नाहीत, पण प्रसाद न घेता उठून गेले. पाच नावे घेतली असती तर त्यांचे नाव राहिले नसते.

वहीत नावाबरोबर त्या माणसाने केलेले काम लिहावे

म्हणून त्या तरुणाला मी नावे खोडायला सांगितले नाही. वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारून घेतल्या. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्या रकान्यात त्या माणसाने नेमके काय केले, आणि तिसऱ्या रकान्यात ही गोष्ट चारचौघांत सांगितलेली त्याला चालेल का, हे लिहायचे. दुसरा रकाना भरताना यादी आपोआप वेगळी होऊ लागते. काही नावांपुढे ठोस काम उभे राहते, जसे की "कागद व्हायच्या आधी किल्ली दिली", "अकरा वर्षे हाताखाली शिकवले". काही नावांपुढे "नेहमी विचारपूस केली" एवढेच लिहिता येते. ती विचारपूसही खरी असते, पण तिची जागा भाषणात नसते.

मग यादीचे तीन भाग केले. ज्यांच्यावाचून दुकान उघडलेच नसते अशी माणसे पहिल्या भागात, आणि ती पाचांपेक्षा जास्त नसावीत. दुसऱ्या भागात गट येतात, उदाहरणार्थ सुतारकाम करणारे मेस्त आणि त्यांचे सोबती, किंवा वाड्यावरचे शेजारी. त्यांचा उल्लेख कामावरून करायचा, एकेकट्या नावाने नव्हे. तिसऱ्या भागात उरलेले सर्वजण, आणि त्यांचे आभार समारंभापूर्वीच मानायचे.

हा तिसरा भागच संपूर्ण भाषण वाचवतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे आमंत्रणपत्रिका अजूनही घरी जाऊन दिली जाते. ती देताना दारातच थांबून, "तुम्ही त्या दिवशी गाडी दिलीत म्हणून सामान वेळेत आले, हे मी विसरलेलो नाही" असे एक वाक्य म्हटले की त्या माणसाचे आभार मानून झाले. समारंभात नाव आले नाही तरी त्याला चुकल्यासारखे वाटत नाही, कारण त्याला ते त्याच्या उंबरठ्यावर ऐकायला मिळालेले असते. एकतीसपैकी वीस जणांचे आभार आम्ही असेच पत्रिकेबरोबर पोहोचवले. जे नातेवाईक मुंबईत किंवा बाहेरगावी होते त्यांना त्याने आदल्या आठवड्यात फोन केले.

व्यासपीठावरील पाहुण्यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. नगरसेवक किंवा पंच, प्रमुख पाहुणे, देवस्थानच्या समितीवरील कोणी, यांचे स्वागत पुष्पगुच्छ आणि श्रीफळ देऊन सूत्रसंचालक करतोच. मालकाने त्यांची नावे पुन्हा घेण्याची गरज नाही, "व्यासपीठावरील मान्यवर" एवढे पुरते. त्यामुळे दोन प्रतिस्पर्धी गटांचे लोक एकाच मांडवात बसले असतील तर कोणाचे नाव आधी घेतले हा प्रश्नही उद्भवत नाही. भावाने किंवा मित्राने शेवटी स्वतंत्र आभारप्रदर्शन करावयाचे ठरले असेल तर मंडपवाले, ध्वनीवाले, जेवणाची व्यवस्था पाहणारे यांची नावे त्याच्याकडे सोपवावीत आणि कोण कोणाचे नाव घेणार हे आदल्या दिवशी सूत्रसंचालकासमोर ठरवून घ्यावे.

जे सांगायचे त्याची आधी परवानगी घ्यावी

वहीतील तिसरा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो. त्या तरुणालाही तसेच वाटले होते. त्याच्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य होते: "घरमालकांनी फर्निचर होईपर्यंतचे दोन महिन्यांचे भाडे माझ्याकडून घेतले नाही." वाक्य खरे होते आणि मनापासून लिहिलेले होते. परंतु त्याच इमारतीत त्या घरमालकांचे आणखी दोन भाडेकरू आहेत आणि तेही समारंभाला येणार होते. घरमालकांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "बाबा, ते तेवढे नको. उद्या सगळेच दोन महिने मागतील." मग त्यांच्याच सांगण्यावरून वाक्य बदलले आणि त्यात किल्लीचा उल्लेख आला.

पैशांच्या सर्व गोष्टींना हाच नियम लावावा. कोणी किती रक्कम दिली हे भाषणात कधीही सांगू नये. जामीन राहिलेल्या मामांनीही "सही केली हे बोलू नकोस" असे सांगितले, कारण दुसऱ्या भाच्याला त्यांनी पूर्वी नाही म्हटले होते. त्यामुळे "मामा माझ्यामागे उभे राहिले" एवढेच ठेवले. ज्यांना कळायचे होते त्यांना ते कळलेच.

शब्दांची निवडही याच ठिकाणी सांभाळावी. "विशेष आभार" हा शब्द टाळावा, कारण एकाचे आभार विशेष ठरले की बाकीच्यांचे साधारण ठरतात. "आभार" हा शब्द संपूर्ण भाषणात एकदा किंवा दोनदाच यावा, इतर ठिकाणी त्या माणसाने काय केले ते सांगावे. "मेस्तांनी रात्री जागून कपाटे पुरी केली" हे वाक्य ऐकताना मेस्तांना जे वाटते ते "मेस्तांचे मनःपूर्वक आभार" ऐकताना वाटत नाही. "शब्द अपुरे आहेत", "या ऋणातून उतराई होणे शक्य नाही" ही वाक्ये प्रत्येक समारंभात ऐकू येतात, म्हणून ती ऐकणाऱ्याच्या मनावर उमटत नाहीत.

शेजाऱ्यांना आमंत्रण

"सर्वांनी एकदा अवश्य भेट द्यावी" हे आमंत्रण नव्हे, कारण त्यात दिवस नाही, वेळ नाही आणि जाऊन काय करायचे तेही नाही. शेजाऱ्याला नव्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकताना संकोच असतो. गेलो तर काही विकत घ्यावे लागेल, न घेता परतलो तर बरे दिसणार नाही, असा विचार तो करतो. हा संकोच काढण्यासाठी विकत घेण्याशी संबंध नसलेले एक निमित्त द्यावे लागते. आम्ही त्यासाठी दोन गोष्टी ठरवल्या. त्याच संध्याकाळी पाच ते सात दुकानात चहा, आणि गल्ल्याशेजारी एक उघडी वही, जिच्यात घरात लागणारी पण दुकानात न दिसलेली वस्तू शेजाऱ्यांनी लिहून जायची. यामुळे येणाऱ्याला काम मिळते आणि मालकाला पुढच्या खरेदीची यादी मिळते.

शेजाऱ्यांच्या मनात आणखी एक गोष्ट असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. दुकान म्हणजे मालाचा टेम्पो, दारासमोर लावलेल्या दुचाक्या आणि उशिरापर्यंतचा आवाज. अरुंद वाटेच्या वाड्यावर ही काळजी खरीच असते. भाषणात या एका गोष्टीविषयी स्पष्ट शब्द द्यावा, परंतु जो पाळता येईल तोच द्यावा. त्या तरुणाने सुरुवातीला "कोणालाही कधीही त्रास होणार नाही" असे लिहिले होते. असे वचन पहिल्याच आठवड्यात मोडते. त्याऐवजी टेम्पो किती वाजता येईल आणि कोठे उभा राहील हे सांगितले, कारण घाऊक व्यापाऱ्याशी त्याचे तसे बोलणे झालेले होते.

दुकानाच्या वेळा आमंत्रणाच्या आधी सांगाव्यात. गोव्यात दुपारी दुकाने मिटतात हे सर्वांना ठाऊक असते, पण कोण एक वाजता मिटतो आणि कोण दीडला, कोण साडेतीनला उघडतो आणि कोण चारला, हे ठाऊक नसते. एका वाक्यात ते सांगितले की उन्हातून कोणाची फेरी फुकट जात नाही.

आपल्या वाड्यांवर सर्व धर्मांची घरे असतात, हेही आमंत्रणाच्या वेळी लक्षात ठेवावे. रविवारी सकाळचा मुहूर्त असेल तर ख्रिस्ती शेजारी त्या वेळी मिसाला गेलेले असतात, आणि शुक्रवारी दुपारी मुस्लिम शेजारी नमाजाला. मुहूर्त बदलता येत नाही, परंतु चहाची वेळ संध्याकाळची ठेवता येते. पूजेचा प्रसाद आणि चहाबरोबरचे खाणे वेगवेगळे मांडावे, म्हणजे ज्याला जे घ्यायचे ते तो मोकळेपणाने घेतो. भाषेविषयीही हेच. मराठी भाषण सर्वांना समजते, तरी घरात कोंकणी बोलणाऱ्या शेजाऱ्याला शेवटची दोन वाक्ये कोंकणीत ऐकली की ते आमंत्रण आपल्यालाही आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र ती वाक्ये आपण रोज बोलतो तशीच असावीत, लिहून पाठ केलेली नसावीत.

तयार झालेला मजकूर

वरील सर्व विचार करून जो मजकूर उभा राहिला तो पुढे देतो. नावांच्या जागी मी "अमुकबाब" ठेवले आहे. शब्द २२०च्या आसपास आहेत.

"नमस्कार. व्यासपीठावरील मान्यवर, घरची वडीलधारी मंडळी आणि या वाड्यावरील माझे सर्व शेजारी, आपण सकाळची कामे बाजूला ठेवून आलात, त्याबद्दल आपले मनापासून आभार.

मी अकरा वर्षे दुसऱ्याच्या दुकानात काम केले. वायर कशी मोजावी आणि गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, हे दोन्ही मी तिथेच शिकलो. मला शिकवणारे माझे शेठ आज समोर बसले आहेत. शेठ, 'आता स्वतःचे उघड' असे तुम्ही म्हणालात, म्हणून मी इथे उभा आहे.

या जागेचे मालक अमुकबाब यांनी कागद व्हायच्या आधीच किल्ली माझ्या हातात ठेवली. पतसंस्थेने कर्ज दिले आणि थोरले मामा माझ्यामागे उभे राहिले. ही कपाटे मेस्तांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी रात्री जागून पुरी केली. गेले सहा महिने घर कसे चालले, हे माझ्या आईला आणि पत्नीला विचारा. मी ते विसरणार नाही. आणि शेजाऱ्यांनो, दोन महिने कटरचा आवाज आणि धूळ तुमच्या घरांत आली, तरी एकानेही मला वाकडा शब्द ऐकवला नाही.

या दुकानात वायर, स्विच, बल्ब, पंखे आणि नळाचे सर्व सामान मिळेल. दुकान सकाळी साडेआठ ते एक आणि दुपारी साडेतीन ते रात्री आठ उघडे राहील, रविवारी फक्त सकाळी. मालाचा टेम्पो सकाळी आठच्या आत येईल आणि वळणावरच्या मोकळ्या जागेत उभा राहील, कोणाच्या दारात नाही.

आज संध्याकाळी पाच ते सात दुकानात चहा ठेवला आहे. विकत काही घ्यायचे नाही. या, दुकान पाहा, आणि घरात लागणारी कोणती वस्तू इथे नाही ती वहीत लिहून जा. पावसात रात्री फ्यूज वायर किंवा होल्डर लागला तर पाटीवरच्या नंबरवर फोन करा. मी मागेच राहतो, काढून देईन.

तुमकां सगळ्यांक हांव आपयतां. येयात. सगळ्यांक देव बरें करूं."

या मजकुरातील क्रम मुद्दाम असा ठेवलेला आहे. शेठ आधी आणि घरची माणसे नंतर, कारण आईचा उल्लेख सुरुवातीलाच आला असता तर त्याचा आवाज तिथेच अडला असता आणि पुढचे सर्व घाईत गेले असते. शेजाऱ्यांचा उल्लेख आभारांच्या शेवटी आला, त्यामुळे तिथून वेळा, टेम्पो आणि आमंत्रण यांकडे भाषण सहज वळते. रात्रीच्या फोनविषयीचे वाक्य मी त्याला दोनदा विचारून ठेवले. तो खरोखरच दुकानामागच्या खोलीत राहतो आणि त्याने फक्त सामान काढून देण्याचे कबूल केले आहे, दुरुस्तीचे नाही. ज्याचे घर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला आहे त्याने हे वाक्य घेऊ नये.

दुकान दुसऱ्या मालाचे असेल तर शेवटचा परिच्छेद त्या मालावरून बदलतो. शालेय साहित्याच्या दुकानात जूनमधील वह्या-पुस्तकांची यादी आधी देऊन जाण्याचे निमित्त होऊ शकते, भुसारी दुकानात चवथीच्या सामानाची यादी. शिलाईच्या दुकानात मात्र चहापेक्षा "पहिल्या आठवड्यात एक बाही उसवलेली घेऊन या, तिथल्या तिथे टाचून देते" हे निमित्त अधिक उपयोगी पडेल.

सराव आणि कागद

मजकूर मनात वाचून वेळ मोजू नये. मनात वाचताना आपण जवळजवळ दुप्पट वेगाने वाचतो. घराच्या सोप्यावर उभे राहून, समोर कोणाला तरी बसवून, मोठ्याने वाचावे आणि मोबाइलवरील घड्याळ लावावे. त्या तरुणाचा पहिला सराव ३ मिनिटे १० सेकंदांचा झाला. आम्ही शब्द घाईने म्हणण्याऐवजी दोन वाक्ये काढली. त्यांतले एक दुकानाच्या नावामागची कथा सांगणारे होते आणि दुसऱ्यात तो कोणत्या कंपन्यांचा माल ठेवणार हे होते. दोन्ही गोष्टी संध्याकाळी चहा घेताना कोणी विचारले तर सांगता येतात. पाचव्या सरावाला वेळ २ मिनिटे २० सेकंदांवर आली.

भाषण पाठ करण्याचा आग्रह धरू नये, कारण पाठ केलेल्या भाषणात एक ओळ विसरली की पुढच्या चार ओळी जातात. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर प्रत्येक परिच्छेदाचे पहिले चार-पाच शब्द मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि नावे पूर्ण लिहावीत. भावनेच्या भरात रोजच्या ओळखीचे नावही आठवत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. फोनवरून वाचू नये. उन्हात पडदा दिसत नाही आणि नेमका त्याच वेळी कोणाचा तरी शुभेच्छांचा फोन येतो.

प्रत्यक्ष समारंभात

भाषणाची योग्य वेळ फीत कापून झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधीची. प्रसाद सुरू झाला की हात गुंततात, मुले धावू लागतात आणि ऐकणारे कोणी उरत नाही. पाहुणे उशिरा येत असतील तर मुहूर्तावर फीत कापून घ्यावी, परंतु भाषण पाहुण्यांसाठी थांबवून ठेवू नये. शेजारी उन्हात ताटकळत असतात आणि भाषण मुख्यतः त्यांच्यासाठीच असते.

ध्वनिक्षेपक ओठांपासून चार बोटे अंतरावर, हनुवटीच्या बाजूला धरावा. तो अगदी तोंडाशी आला की शब्द फुटतात आणि छातीशी गेला की मागच्या रांगेला काहीच ऐकू येत नाही. वीज गेली तर ध्वनिक्षेपक खाली ठेवून दोन पावले पुढे यावे आणि लोकांना जवळ बोलवावे. साठ माणसांना मोकळ्या आवाजात ऐकू जाते. शेठ, घरमालक आणि मेस्त कोठे बसले आहेत ते आधी पाहून ठेवावे आणि त्यांचे वाक्य म्हणताना त्यांच्याकडे पाहावे. कागदाकडे पाहून म्हटलेले आभार कागदालाच मिळतात.

आवाज अडला तर थांबावे. तीन-चार सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला फार मोठी वाटते, ऐकणाऱ्यांना तशी वाटत नाही, आणि "माफ करा" म्हणण्याची गरज नसते. एक श्वास घेऊन कागदावरच्या पुढच्या परिच्छेदाचे पहिले शब्द म्हणावेत.

वेळ हातातून जाऊ लागला आहे हे ओळखण्याची खूणही सांगून ठेवतो. मागच्या रांगेतील माणसे आपापसांत बोलू लागली किंवा उभे असलेले लोक सावलीकडे सरकू लागले, की उरलेल्या मजकुरातून काहीतरी गाळावे लागते. काय गाळायचे हे तिथे उभे राहून ठरत नाही, म्हणून कार्डावर तो भाग आधीच पेन्सिलीने कंसात टाकावा. आमच्या कार्डावर दुकानातील मालाची यादी कंसात होती, कारण माल तर मागच्या कपाटांत सर्वांना दिसतच होता. चहाची वेळ आणि दुकानाच्या वेळा यांना कंस नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी ते भाषण २ मिनिटे ५० सेकंदांत झाले. आईच्या नावाशी तो थांबला, मग शेजाऱ्यांकडे वळला आणि पुढे नीट बोलला. संध्याकाळी मी चहाला गेलो तेव्हा वहीचे एक पान भरून दुसरे सुरू झाले होते. पहिली नोंद समोरच्या घरातील आजींची होती, त्यांच्या नातीने लिहिलेली: जुने काळे गोल स्विच, चार नग, पांढरे नकोत.